घरमालकांचे सोयरसुतक

शहाद्यात खोली शोधत होतो तेव्हा माझ्या घरमालकांनी पगार विचारला नाही. नोकरी कोणत्या वर्तमानपत्रात, लग्न झाले की नाही, हेही विचारले नाही. आडनाव विचारले, कुळी विचारली, आईचे माहेर विचारले, आणि मी त्यांच्या भाऊबंदकीत कुठूनही बसत नाही याची खात्री झाल्यावर म्हणाले, "चालेल." भाडेकरू परका असणे ही त्यांची एकमेव अट होती. कारण दीड महिन्याने समजले. घरात सुतक आले की घरच्यांना देवाला शिवता येत नाही. दिवा लावायला सुतकाबाहेरचा माणूस लागतो. तो वरच्या मजल्यावरच राहत असला की शोधायला जावे लागत नाही.

"पत्रकार, खाली या. आमले सुतक शे. आंघोळ व्हयनी का?"

या आवाजाने माझ्या त्या घरातल्या किती सकाळी सुरू झाल्या ते सांगता येणार नाही. भाऊबंदकी मोठी होती आणि तिच्यात म्हातारी माणसे भरपूर होती. देवावर माझा फारसा विश्वास नव्हता. घरमालकांना त्याची गरज वाटली नाही. त्यांना माझे परकेपण हवे होते, श्रद्धा ते स्वतःची वापरत.

सगळे त्यांना नाना म्हणत. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात त्यांची नोकरी झाली होती. कोण आले, कोण गेले, कोण रजेवर, याची नोंद ठेवणे हे काम. सुतकाची विद्या त्यांनी तिथेच मिळवली. गाळप हंगामात रजा मिळत नसे; फक्त घरात कोणी वारले तर मिळे. साहजिकच हंगामात मृत्यूचे प्रमाण वाढे. एका कामगाराची आजी लागोपाठच्या हंगामांत वारल्यावर नानांनी नात्यांचा अभ्यास हाती घेतला. कोणी गेले तर कोणाला किती दिवस, हे त्यांनी तापीकाठच्या प्रकाशा गावच्या घाटावरच्या भटजींकडून तोंडपाठ करून घेतले आणि त्यानुसार रजा मंजूर होऊ लागल्या. मामा गेला म्हणून दहा दिवस मागणाऱ्याला ते दीड दिवस देत. निवृत्त झाल्यावर रजेचे अर्ज बंद झाले, लोकांचे मरणे बंद झाले नाही. नानांनी काम घरून चालू ठेवले.

त्यांचे नियम असे. बापाकडून सात पिढ्यांच्या आतला माणूस गेला तर दहा दिवस. त्यापलीकडच्या सात पिढ्यांना तीन. लग्न झालेल्या मुलीला आईबापांचे तीन, कारण ती दुसऱ्या घरची. मृत्यूचे ते सुतक, जन्माचे ते सोयर. दिवस तेच, पण सोयरात शिवाशिव नसते. बाळंतीण सोडून इतरांनी कामधंदा करावा, फिरावे, फक्त देवकार्याला बसू नये. सुतकात सोयर आले तर ते सुतकाबरोबर फिटते. सोयरात सुतक आले तर मात्र नव्याने मोजायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दूरच्या माणसाला ते लागते बातमी समजल्यावर. दहा दिवसांच्या आत समजली तर उरलेले दिवस. मयताची बातमी त्यानंतर समजली तर तीन दिवस, फार उशिरा समजली तर नुसती आंघोळ. फक्त आईबापांना ही सवलत नाही. त्यांची बातमी केव्हाही समजो, मुलाला पूर्ण दहा.

नव्या पिढीने या सगळ्या शास्त्रातला "समजल्यावर" हा एकच शब्द उचलला.

भाऊबंदकीचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता. त्यावर कोणी गेल्याचा निरोप आला की पुणे, सुरत आणि त्याही पलीकडे गेलेली मंडळी तो उघडत नसत. वरची अर्धी ओळ सूचनेत दिसे, तेवढ्यावर कोण गेले ते कळे, पण उघडला नाही म्हणजे निळी खूण नाही, आणि निळी खूण नाही म्हणजे समजले नाही, असा समज रूढ झाला होता. ज्याच्या घरी काही कार्य असे तो तर पंधरा दिवस आधीच ग्रुप बंद करून ठेवी. त्या काळात गेलेल्यांचे दुःख तो कार्य उरकल्यावर एकगठ्ठा करी.

पुण्याच्या एका पुतण्याचा फोन मी समोर बसून ऐकला आहे. त्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती आणि इकडे चुलत आजोबा गेले होते. नानांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता; ते निर्णय नेहमी जाहीरपणे देत.

"नाना, मी ते ऐकलंच नाही असं धरलं तर?"

"मंग आत्ते कोनबद्दल बोली ऱ्हायना तू?"

"म्हणजे अधिकृत नाही कळलं मला."

"अधिकृत म्हनजे? मयताने सही करीसन धाडाले पाहिजे का?"

पुतण्याने वास्तुशांत केली. नाना गेले नाहीत, पण प्रसादाचा डबा कुरियरने आला तो त्यांनी गायीला घातला. वास्तुशांतीत सुतक असले तर प्रसादाला ते लागते का, हे त्यांनी गायीवर सोडले असावे.

दिवस कमी करण्याची दुसरी पद्धत स्थानिक होती. आमच्या भागात सुतक फिटते त्या विधीला गंधमुक्ती म्हणतात. घरच्यांच्या कपाळी पुन्हा गंध लागते. दशक्रियेनंतर व्हायचा हा विधी हळूहळू पाचव्या, मग तिसऱ्या दिवसावर आला. मी निधनवार्ता छापणाऱ्या कचेरीत असल्यामुळे याचा जाब मला विचारला जाई. एकदा नाना अंक घेऊन जिना चढून आले.

"बुधवारे माणूस गया, आन् रविवारे गंधमुक्ती. छापानी चूक शे का?"

"नाही. घरच्यांनीच तसा मजकूर दिला आहे. रविवारी सगळ्यांना सुट्टी असते."

"मंग त्या मयतले सांगाले पाहिजे व्हतं. गुरुवारपावत दम धरता तर आजून एक दिवस वाचता."

स्वतः नाना मात्र काटेकोर होते, आपल्या पद्धतीने. सुतकात दाढी नाही, गादी नाही, घरात फोडणी नाही. नानी उकडलेले वरण आणि कोरडी भाकरी वाढत आणि नाना ते अतिशय गंभीरपणे खात. संध्याकाळी बसस्टँडसमोरच्या गुजराती फरसाणवाल्याकडे जाऊन गरम फाफडा खात. विचारले तर म्हणत, "तळं त्यानी. मन्ही कढई चुलावर चढनी का?" हॉटेलाला गोत्र नसते हा त्यांचा सिद्धांत होता. तो कोणत्या भटजींचा, हे त्यांनी कधी सांगितले नाही.

असा माणूस घरात असताना त्यांच्या मुलाने नवापूरकडच्या ख्रिस्ती मुलीशी नोंदणी विवाह केला. ती नर्स, तो कृषी खात्यात. दोघांची ओळख एकाच सरकारी इमारतीत शेजारशेजारच्या कचेऱ्यांच्या दारांवर रोज ताटकळल्याने झाली असे म्हणतात. तिचे आईवडील डोंगराकडच्या गावात शेती करतात. मी राहायला आलो त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. नानांनी बातमी ऐकली, अंगणातल्या नळाखाली अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ केली आणि म्हणाले, "संपनं." त्यानंतर त्या घरात मुलाचे नाव घेतले गेले नाही. भाऊबंदकीला हे फार आवडले. नियम पाळणारा माणूस म्हणून नानांचा मान वाढला. ज्यांनी स्वतः तिसऱ्या दिवशी सुतक फेडले होते त्यांनी तो विशेष वाढवला. नानी मात्र दर रविवारी दुपारी "भाजी बाजारात" जात. रविवारी शहाद्यात भाजी बाजार भरत नाही हे नानांना माहीत नसावे, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो.

नानांचा धाकटा भाऊ, ज्याला सगळे आबा म्हणत, त्याच गल्लीत चार घरे सोडून राहत असे. केळीचा मोठा बागायतदार, स्वभावाने घाईचा. त्याच्या एकुलत्या मुलीचे लग्न वैशाखात ठरले. मुलगा बडोद्याला इंजिनियर, दिवाळीच्या आत कंपनी त्याला परदेशी पाठवणार. ज्येष्ठात मुहूर्त जुळत नव्हता, पुढचा चातुर्मासानंतर. म्हणजे हीच तारीख. नानांनी आबाला महिनाभर आधी सल्ला दिला होता की देवक लवकर बसव. देवक म्हणजे लग्नाआधीची कुलदेवतांची आणि पितरांची स्थापना. ती एकदा झाली की कार्य सुरू झाले असे मानतात, आणि मग कोणी जन्मले काय, गेले काय, त्या कार्याला सोयरसुतक लागत नाही. शास्त्राने लग्नाच्या दहा दिवस आधीपर्यंत ही मुभा दिली आहे.

आबाने ऐकले नाही. फोटोग्राफर लग्नाच्या आदल्या दिवसापासूनच ठरला होता, आणि फोटोशिवाय देवक बसवण्यात त्याला अर्थ दिसेना.

देवकाच्या दोन दिवस आधी नवापूरला नानांना नात झाली.

बातमी ग्रुपवर आली नाही. मुलाला ग्रुपमधून केव्हाच काढले होते. नानीला फोन आला, नवरीला आला, नवरीकडून, बाळाच्या फोटोसकट, आबाला कळली. तासाभरात गल्लीला कळली. आबा माझ्या खोलीत आला आणि दार लावून घेतले.

"पत्रकार, तुम्ही दिवसभर वर-खाली करतस. नानाले काही बोलू नका. देवकले थोरला म्हनीसन तोच बठनार शे. त्याले समजनं तर तो आख्खं लगन बसाडी देई."

"पण तुम्हाला समजलं आहे."

"मी फोटो उघडा नई," आबा म्हणाला.

पुढचे दोन दिवस त्या गल्लीत न सांगण्याचे काम फार मेहनतीने झाले. नाना ओट्यावर आले की बायका गप्प होत. फोन वाजला की माणसे उठून मोरीत जात. एका मावशीने नानांना बघून पेढ्याचा खोका पदराखाली घेतला, आणि पदर तेवढा मोठा नव्हता. चाळीस वर्षे रजेचे अर्ज वाचलेल्या माणसापासून काही लपवायचे असेल तर याहून वाईट रीत सापडणे कठीण. नानांनी निष्कर्ष काढला, तो अर्थातच त्यांच्या विषयातला होता: भाऊबंदकीत कोणी तरी गेले आहे आणि लग्न उरकेपर्यंत माणसे मयत दाबून बसली आहेत.

देवकाच्या सकाळी आबाच्या अंगणात मांडव होता. पाट मांडले होते, कलश मांडला होता, फोटोग्राफरने छत्री उघडून दिवा लावला होता. गुरुजींनी नाना-नानींना बसायला सांगितले. नाना पाटाजवळ उभे राहिले.

"कोन गये ते सांगा. तोपावत मी बठनार नई."

बायका पाटाभोवतीची रांगोळी नीट करू लागल्या.

"धुळ्यानी आत्या का?"

"आत्या बऱ्या शेतस," आबा म्हणाला. "नाना, बठ ना रे. मुहूर्त चालना."

"मंग कोन? मन्हाकडे पाहीसन सगळा तोंड कसाले फिरवतस?" ते नानींकडे वळले. "तू सांग."

आबाने वहिनीकडे पाहून मान हलवली. नानी पाटावर बसल्या होत्या. त्या उठल्या, पदर नीट केला, आणि भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाल्या, "कोनी मरेल नई. नवापूरले तुमले नात व्हयनी. परवा."

फोटोग्राफरने नेमका तेव्हा फोटो काढला. तो अल्बममध्ये नाही.

 नाना पाटापासून दोन पावले मागे सरकले आणि गुरुजींना म्हणाले, "माले सोयर शे."

आबाचा आवाज चढला. "कसानं सोयर? त्याले तूच सोडेल शे ना? गावदेखत आंघोळ करी तू. ते लगन बी कचेरीतलं. ती पोरगी ख्रिस्ती. आपलं काय त्यामा?"

"मी त्याले घरमाईन काढं," नाना म्हणाले. "पिढीमाईन काढाना माले अधिकार नई शे. तुले बी नई. तो मन्हा पोर्‍या, ती त्यानी पोर. बापाकडून मोज. तू तिन्हा चुलत आजा. तुले बी सोयर शे, आन् तुले ते मन्हाआधी लागेल शे."

"मी फोटो..."

"आबा," नाना म्हणाले, "फोटो सोड."

मांडवात कुजबूज सुरू झाली. नवऱ्या मुलाकडचे दोन पाहुणे चहा घेत होते, त्यांनी कप खाली ठेवले. सोयरात लग्न लागत नाही एवढे सगळ्यांना माहीत होते. दहा दिवस फिटायचे म्हणजे मुहूर्त गेला, मुहूर्त गेला म्हणजे दिवाळीनंतर, आणि दिवाळीनंतर नवरा कुठे असेल ते त्याच्या कंपनीला माहीत. आबाने त्या कपांत पुन्हा चहा ओतायला सांगितले. त्याची मुलगी हळदीच्या साडीत दारात उभी होती. तिचा चेहरा पाहून बायका तिच्याकडे सरकल्या.

वाट गुरुजींनी काढली. सगळी तयारी झालेली, दुसरा मुहूर्त नाही, अशा वेळी शास्त्रात सोय आहे, ते म्हणाले. कूष्मांड होम करायचा, दुभती गाय दान द्यायची, मग कार्याला दोष राहत नाही. आबाने एवढा सुटकेचा श्वास टाकला की समोरची समई हलली.

"मंग चालू करा ना गुरुजी. गाय शेजारी शे."

"करू. पण होम कशासाठी ते संकल्पात म्हणावं लागेल," गुरुजी म्हणाले. "मोघम चालणार नाही. आमच्या कुळात अमक्याच्या पोटी कन्या जन्मली, तिच्या जन्माचं सोयर आहे, त्याच्या निवारणासाठी हा होम. यजमानाने स्वतः म्हणायचं. सोयरच नाही असं म्हणाल तर होम कशाचा करू?"

आता पेच नीट मांडला गेला होता. लग्न वाचवायचे तर ती मुलगी कुळातली आहे असे आबाला हातात पाणी घेऊन, मांडवात, व्याह्यांच्या माणसांसमोर म्हणायचे होते. ती कुळातली नाही म्हणायचे तर थोरला भाऊ देवकाला बसत नव्हता, आणि गल्लीत राहून थोरल्याला डावलून देवक बसवणे म्हणजे काय हे व्याह्यांना वेगळे सांगावे लागले नसते.

आबाने पाणी हातात घेतले. गुरुजी म्हणत गेले, तो मागून म्हणत गेला. एका ठिकाणी गुरुजी थांबले.

"मुलीच्या वडिलांचं नाव."

आबाने नानांकडे पाहिले. नाना आढ्याकडे पाहत होते. मांडवाला आढे नसते, कापड असते. चार वर्षांत जे नाव त्या दोन्ही घरांत कोणी मोठ्याने उच्चारले नव्हते ते आबाने उच्चारले. आवाज बारीक निघाला. गुरुजींना कमी ऐकू येत असे, किंवा त्यांनी तसे दाखवले. "मोठ्याने," ते म्हणाले.

आबाने ते पुन्हा मोठ्याने म्हटले.

होम झाला. शेजाऱ्याची जर्सी गाय गुरुजींना दान दिली गेली आणि दुपारच्या धारेआधी गुरुजींनी ती शेजाऱ्याला परत दिली. तीही बहुधा शास्त्रातली सोय असावी. आबाने हात पुसले आणि म्हणाला, "आते बठ नाना. दोष गया."

"तुन्हा गया," नाना म्हणाले. "होम तू करा, यजमान तू. मी सोयरमाच शे. देवकले तू बठ."

गुरुजी काही बोलणार होते. होमाने घरच्या सगळ्यांचाच प्रश्न सुटतो असे त्यांनी नंतर मला सांगितले. पण नानांचा चेहरा पाहून त्यांनी पोथीचे पान उलटले. नवरी तेवढ्यात फोन घेऊन आली.

"मोठा बाबा, दखाडू का फोटो?"

नानांनी चष्मा पुसला, फोन हातात घेतला आणि शुद्धलेखन तपासावे तसे त्यावर डोळे फिरवले. "टोपडं घट्ट बांधेल शे," ते म्हणाले. फोन परत द्यायला त्यांना वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी लग्न लागले. नानांनी मांडवाच्या बाहेर, दाराशी, जिथून प्रत्येक पाहुण्याला आत जावे लागते तिथे प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि ते तिच्यावर बसले. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. शहाद्याचे, प्रकाशाचे, खापरचे, सुरतेचे लोक येत, नमस्कार करत आणि विचारत, की थोरला चुलता बाहेर का बसला आहे.

"माले सोयर शे," नाना सांगत.

"अरे वा. कोनले काय व्हयनं?"

"पोर्‍याले पोर व्हयनी. नवापूरले."

पाहुणे क्षणभर थांबत. काहींना मागचे माहीत होते, ते दोन क्षण थांबत. मग अभिनंदन करून आत जात, कारण मंगल कार्यात दुसरे काय म्हणणार. अक्षता पडेपर्यंत नानांनी ही बातमी आलेल्या प्रत्येकाला एकेकट्याने, त्याच शब्दांत, आवाज न बदलता दिली. बातमीदारीचा धंदा माझा होता. एवढी खात्रीची बातमी एवढ्या लोकांपर्यंत पोहोचवणे मला कधी जमले नव्हते. भाऊबंदकीतल्या कोणालाही आता "समजलं नाही" म्हणायची सोय उरली नाही.

जेवणाची पंगत बसली तेव्हा मी त्यांच्यासाठी ताट घेऊन बाहेर गेलो. नानी शेजारी पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "सोयर फिटनं म्हनजे मंग काय?"

नाना बोटांवर मोजत होते. मोजून झाले तरी अंगठा बोटावरच ठेवला होता.

"मंग सकाळनी एसटीने जानं," ते म्हणाले. "सोयर फिटनं का आजाने सोता जाईसन बाळले पाहानं आन् मांडीवर लेनं. तसा नियम शे."

"असा बी नियम शे का?"

"शे."

हा नियम मी नंतर गुरुजींना विचारला, प्रकाशाच्या घाटावर दोघांना विचारला. कोणालाही तो माहीत नव्हता.